थोडे शेअर विकल्यावर सरासरी भाव का बदलतो? पोर्टफोलिओ स्टेटमेंट वही-पेन्सिलीनं तपासण्याची रीत

सांगलीच्या गणपती पेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम बघतो. विवरणपत्रांचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो. विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षककाकांनी तो यंदा फार नेमका विचारला. "अरे, माझ्या वहीत खरेदीचा सरासरी भाव २८७ रुपये ५० पैसे येतो. ॲप ३०५ दाखवतंय. आणि पुतण्या म्हणतो, काका, तुम्हाला तो शेअर २३२ च्या आतच पडलाय. तिघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. तिघं तीन वेगवेगळे प्रश्न सोडवत होते. शेअर फक्त विकत घेत गेलात, तर सरासरीवरून कधी भांडण होत नाही. भांडण सुरू होतं ते थोडे विकल्यावर, कारण "विकले ते नेमके कुठले?" या प्रश्नाचं उत्तर ठरवल्याशिवाय उरलेल्यांची किंमत सांगताच येत नाही. काकांचाच हिशेब घेऊन हे सगळं तपासू. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत आणि कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी कागद

स्टेटमेंट तपासायचं तर ते ज्याच्यावरून तयार झालं तो मूळ कागद हाताशी हवा. ब्रोकरच्या साइटवरून त्या शेअरचं ट्रेडबुक, म्हणजे सौद्यांची यादी, पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचं उतरवून घ्या, फक्त या आर्थिक वर्षाचं नको. शंका आली तर त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं पाठवलेली सौद्यांची पावती, बघायची. शेवटचा शब्द तिचा.

डीमॅटमधले शेअर जिच्याकडे नोंदलेले असतात त्या डिपॉझिटरीकडून ई-मेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंटही जवळ ठेवा, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. तुमच्या डीमॅट खात्यात शेअर किती आहेत आणि महिनाअखेरीस त्यांचं मूल्य किती होतं, एवढं ते सांगतं. शेअर तुम्ही कितीला घेतले हे डिपॉझिटरीला ठाऊकच नसतं. म्हणून संख्या या कागदावरून जुळवायची आणि भाव कॉन्ट्रॅक्ट नोटवरून.

काकांचे सौदे असे होते:

| महिना | व्यवहार | संख्या | भाव | रक्कम |
|---|---|---|---|---|
| जून २०२३ | खरेदी | १०० | २४० | २४,००० |
| फेब्रुवारी २०२४ | खरेदी | ६० | ३१० | १८,६०० |
| सप्टेंबर २०२४ | विक्री | ८० | ३५० | २८,००० |
| जानेवारी २०२५ | खरेदी | ४० | ३३० | १३,२०० |

एकूण घेतले २००, विकले ८०, शिल्लक १२०. ही शिल्लक डीमॅटच्या आकड्याशी जुळल्याशिवाय पुढचा एकही आकडा काढू नका. संख्या चुकली असेल तर सरासरी बरोबर येणं हा निव्वळ योगायोग. आजच विकलेले शेअर खात्यातून दुसऱ्या दिवशी जातात, तारण ठेवलेले किंवा बायबॅकला दिलेले वेगळ्या ओळीत दिसतात. फरक आला तर आधी तिथे बघा.

फेब्रुवारीच्या खरेदीत एक छोटी गंमत होती. ऑर्डर एकच, ६० शेअरची, पण ती दोन तुकड्यांत पुरी झाली: २० शेअर ३०९.४० ला आणि ४० शेअर ३१०.३० ला. काकांनी दोन्ही भावांची बेरीज करून दोनानं भागलं आणि ३०९.८५ लिहिलं. तुकडे असमान असताना असं भागायचं नसतं. ६,१८८ आणि १२,४१२ मिळून १८,६००, भागिले ६०, म्हणजे बरोबर ३१०. ट्रेडबुकात एका ऑर्डरच्या पाच-सहा ओळी दिसल्या तर घाबरू नका. रकमा मिळवा आणि एकूण संख्येनं भागा.

विकले ते नेमके कुठले?

सांगलीच्या मार्केट यार्डात वाढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. गोदामात हळदीची पोती खेपेप्रमाणे वेगळी लावली असतील आणि आधी आलेली आधी बाहेर काढली, तर उरलेल्या पोत्यांचा भाव म्हणजे नंतरच्या खेपांचा भाव. सगळी हळद एका ढिगात ओतली असेल, तर प्रत्येक पोत्याला ढिगाचाच सरासरी भाव.

पहिल्या पद्धतीला फिफो म्हणतात, आधी आलेलं आधी बाहेर. डीमॅटमधल्या शेअरचा भांडवली नफा काढताना आपल्याकडे हीच पद्धत लागते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९८ सालचं ७६८ क्रमांकाचं परिपत्रक याच विषयावर आहे. ही पद्धत प्रत्येक डीमॅट खात्याला स्वतंत्र लावायची, हे त्यातूनच आलेलं आहे. त्यामुळे दोन ब्रोकरांकडे तोच शेअर असेल तर दोन्हींचा हिशेब एकत्र कालवू नका. एका खात्यातून विकलेला शेअर दुसऱ्या खात्यातली जुनी खेप खात नाही.

ॲपनं फिफो लावला होता, काकांनी वहीत ढीग केला होता. दोन्ही करून बघू.

ढिगाच्या रीतीनं विक्रीआधी १६० शेअर होते आणि त्यांची किंमत ४२,६००, म्हणजे सरासरी २६६.२५. ८० विकल्यावर उरलेल्या ८० ची सरासरी तीच राहते, किंमत २१,३००. त्यात जानेवारीचे १३,२०० मिळवले की १२० शेअरचे ३४,५०० होतात. सरासरी २८७.५०. काकांची वही तिच्या रीतीनं अगदी बरोबर होती.

फिफोनं सप्टेंबरमध्ये गेलेले ८० शेअर जून २०२३ च्या खेपेतले. त्या खेपेचे २० उरले, फेब्रुवारीचे ६० तसेच राहिले. विक्रीनंतर लगेच ८० शेअरची किंमत ४,८०० आणि १८,६०० मिळून २३,४००, सरासरी २९२.५०. म्हणजे एकही नवा शेअर न घेता सरासरी २६६.२५ वरून २९२.५० वर गेली. लोक इथेच दचकतात. स्वस्तातले बाहेर गेले, महागातले मागे राहिले, एवढंच घडलेलं असतं. जानेवारीचे ४० धरले की ३६,६०० भागिले १२०, म्हणजे ३०५.

फिफोची सरासरी तोंडी तपासायची एक सोपी युक्ती आहे. विक्रीच्या तारखांकडे बघूच नका. आज शिल्लक किती ते घ्या आणि शेवटच्या खरेदीपासून उलटं मोजत या. शिल्लक १२०. जानेवारीचे ४० घेतले, राहिले ८०. फेब्रुवारीचे ६० घेतले, राहिले २०. ते जूनच्या खेपेतून. संपलं. मधे दहा वेळा विकलं असलं तरी चालतं, कारण फिफोत उरतात ते नेहमी शेवटचेच. ढिगाच्या रीतीला ही सोय नाही. तिथे खरेदी-विक्रीचा क्रम बदलला की सरासरी बदलते, म्हणून पहिल्या ओळीपासून चालत यावं लागतं.

एक्सेल किंवा गूगल शीट वापरत असाल तर B2 पासून खाली खरेदीची संख्या, C2 पासून भाव आणि F1 मध्ये एकूण विक्री, इथे ८०, लिहा. खरेदीच्या ओळी तारखेच्या क्रमानं हव्यात, विक्रीची ओळ त्यात नको. D2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढलं की प्रत्येक खेपेतले उरलेले शेअर मिळतात:

```
=MAX(0,MIN(B2,SUM(B$2:B2)-$F$1))
```

आणि सरासरी:

```
=SUMPRODUCT(D2:D4,C2:C4)/SUM(D2:D4)
```

D मध्ये २०, ६०, ४० आणि खाली ३०५ आलं पाहिजे.

दोन चुकीच्या सरासरी वारंवार दिसतात, त्या ओळखून ठेवा. पहिली म्हणजे सगळ्या खरेद्यांची बेरीज भागिले २००, इथे २७९. यात सप्टेंबरच्या विक्रीच्या माथी जानेवारीच्या खरेदीचा भाव मारला जातो, जी खरेदी तेव्हा झालीच नव्हती. दुसरी पुतण्याची: घातलेले ५५,८०० वजा विक्रीचे २८,०००, राहिले २७,८००, भागिले १२०, म्हणजे २३१.६७. माझे किती पैसे अजून अडकून आहेत, हे या आकड्यावरून कळतं आणि मनाला बरंही वाटतं. पण तो खरेदीचा भाव नाही. त्यात बुक केलेला, म्हणजे विकून हाती आलेला, नफा उरलेल्या शेअरच्या किमतीतून कापून घेतलाय. विवरणपत्रात तो लिहिला तर तोच नफा दुसऱ्यांदा करपात्र होईल.

आजचं मूल्य आणि टक्के

आजचं मूल्य म्हणजे शिल्लक गुणिले बाजारभाव, यात डोकं लावण्यासारखं फार नाही. भाव ३४५ धरला तर ४१,४००. बाजार सुरू असताना ॲप शेवटच्या सौद्याचा भाव घेतं, स्टेटमेंट त्या दिवसाचा बंद भाव घेतं, आणि एनएसई व बीएसईचे बंद भावही काही पैशांनी वेगळे असतात. म्हणून स्टेटमेंट कुठल्या तारखेचं आणि कुठल्या बाजाराच्या भावाचं आहे ते बघा आणि त्याच भावानं गुणा. रुपया-दोन रुपयांच्या फरकामागे संध्याकाळ घालवू नये.

टक्केवारीत मात्र थांबायला हवं. उरलेल्या शेअरवरचा नफा भागिले उरलेल्या शेअरची खरेदी किंमत, हा नियम. फिफोनं ४१,४०० वजा ३६,६००, म्हणजे ४,८०० आणि १३.११ टक्के. ढिगाच्या रीतीनं ६,९०० आणि बरोबर २० टक्के. झटपट ताळा हवा असेल तर ३४५ भागिले ३०५ करा. १.१३११ येतं, त्यातला एक सोडला की टक्के मिळाले.

समजा भाव ३०० वर उतरला. मूल्य ३६,०००. फिफोचं स्टेटमेंट ६०० रुपये तोटा दाखवेल, उणे १.६४ टक्के, लाल रंगात. ढिगाचं स्टेटमेंट त्याच दिवशी, त्याच शेअरवर १,५०० नफा दाखवेल, ४.३५ टक्के, हिरव्या रंगात. तो लाल रंग बघून घाईनं विकणारे लोक मी पाहिलेत. विकावं की ठेवावं हे कंपनीकडे बघून ठरवायचं असतं, रंगाकडे बघून नव्हे.

"मग माझा खरा नफा किती?" काकांनी विचारलं. त्यासाठी बुक केलेला आणि न बुक केलेला, दोन्ही नफे एकत्र मांडावे लागतात. फिफोनं सप्टेंबरच्या विक्रीत २८,००० वजा १९,२००, म्हणजे ८,८०० झाले होते. त्यात ४,८०० मिळवले की १३,६००. ढिगाच्या रीतीनं ६,७०० अधिक ६,९००, पुन्हा १३,६००. आता कुठलीच सरासरी न वापरता फक्त रोकड बघा: विक्रीचे २८,००० अधिक आजचे ४१,४००, वजा घातलेले ५५,८००. तेच १३,६००.

हा रोकडीचा ताळा मी सगळ्यात आधी घेतो. स्टेटमेंटातला बुक केलेला आणि न बुक केलेला नफा मिळून हा आकडा येत नसेल, तर कुठलातरी सौदा सुटलाय, दोनदा आलाय किंवा त्याचा भाव चुकलाय. येत असेल तर सौदे सगळे आहेत. पद्धत कुठली वापरली, हे मात्र हा ताळा सांगत नाही. २७९ ची चुकीची सरासरी घेतली तरी बेरीज १३,६०० च येते. म्हणून ताळा जमल्यावरही उलटं मोजून सरासरी पाहायचीच.

पूर्ण पोर्टफोलिओचे टक्के काढताना शेअरवार टक्क्यांची सरासरी काढू नका. काकांकडे दुसरा एक शेअर होता, ५,००० ला घेतलेला आणि २० टक्के खाली. १३.११ आणि उणे २० यांची सरासरी उणे साडेतीनच्या आसपास येते आणि सगळंच तोट्यात गेल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ४,८०० वजा १,०००, म्हणजे ३,८०० नफा, आणि तो ४१,६०० वर. ९.१३ टक्के.

सगळं बरोबर असूनही न जुळणारे आकडे

काही फरक खर्चामुळे येतात. बऱ्याच स्टेटमेंटांत सरासरी भाव निव्वळ सौद्याचा असतो, खर्च धरलेला नसतो. डिलिव्हरीच्या खरेदीवर आणि विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, लागतो आणि खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क. काकांच्या एकूण ८३,८०० च्या उलाढालीवर एसटीटी साधारण ८४ रुपये आणि मुद्रांक शुल्क आठ रुपयांच्या वर. शिवाय दलाली, बाजाराचं शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि विक्रीच्या वेळचं डीपी शुल्क. तुमच्या वहीतली सरासरी ॲपपेक्षा काही पैशांनी जास्त येत असेल, तर बहुधा तुम्ही कॉन्ट्रॅक्ट नोटवरची खर्चासकट रक्कम धरली आहे. वहीत दोन्ही रकाने ठेवा. करासाठी दलाली वगैरे धरता येते, एसटीटी मात्र भांडवली नफ्यातून वजा होत नाही.

त्याच दिवशी विकून परत घेण्याचा प्रकार जास्त गोंधळात टाकतो. समजा काकांनी सकाळी ३० शेअर ३४० ला विकले आणि दुपारी तेवढेच ३३४ ला परत घेतले. वहीत ते लिहितील: जुने ३० गेले, नवे ३० आले, सरासरी बदलली. पण त्या दिवशी डीमॅटमधून एकही शेअर बाहेर गेलेला नाही. ब्रोकर हा इंट्राडे सौदा धरतो, १८० रुपये नफा वेगळा दाखवतो आणि होल्डिंगची सरासरी ३०५ च ठेवतो. इथे वही दुरुस्त करायची, स्टेटमेंट नाही.

स्प्लिट आणि बोनसच्या दिवसांत तर स्टेटमेंटकडे दोन-चार दिवस बघूच नये. ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभ मिळत नाही त्या एक्स-डेटला बाजारभाव खाली येतो, वाढीव शेअर खात्यात नंतर जमा होतात, आणि मधल्या काळात निम्मी रक्कम बुडाल्यासारखं दिसतं. स्प्लिटचा हिशेब सरळ आहे. दहाचं दर्शनी मूल्य दोनवर आलं तर प्रत्येक खेपेची संख्या पाचपट करा, भाव पाचानं भागा, खरेदीची तारीख जुनीच ठेवा.

बोनसचं वेगळं आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते आणि त्यांची खेप वाटपाच्या तारखेची नवी असते. काकांना एकास एक बोनस मिळाला असता तर २४० शेअरची सरासरी १५२.५० दिसली असती. मग त्यांनी त्यातले १२० विकले असते, तर फिफोनं मूळचे १२०, म्हणजे ३६,६०० रुपयांचे, बाहेर गेले असते आणि उरलेल्या बोनस शेअरची सरासरी शून्य झाली असती. शून्यानं भागता येत नाही, म्हणून टक्क्यांच्या जागी रेघ किंवा काहीतरी विचित्र आकडा येतो. ती ॲपची बिघाडी नसते.

शून्य आणखी एका कारणानं दिसतं. दुसऱ्या ब्रोकरकडून शेअर हलवले, वारसानं आले किंवा भेट मिळाले, तर ते शेअर येतात, खरेदीचा भाव त्यांच्याबरोबर येत नाही. काही ठिकाणी तिथे हलवल्याच्या दिवसाचा भाव आपोआप बसतो आणि तो जास्त फसवा, कारण तो खरा वाटतो. आयपीओत मिळालेले शेअरही ट्रेडबुकात नसतात, कारण ते बाजारात घेतलेले नव्हेत. अशा ओळी वहीत आधी हातानं भराव्या लागतात. ॲपमध्ये भाव आणि तारीख भरायची सोय असेल तर तिथेही भरा, आणि मूळ कागद जपून ठेवा.

तारखा खेपेसमोर लिहायचं कारण करात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गेलेले ८० शेअर जून २०२३ चे, म्हणजे बारा महिन्यांवरचे, त्यामुळे ८,८०० हा दीर्घकालीन नफा. २३ जुलै २०२४ पासून असा नफा वर्षाला सव्वा लाखाच्या वर गेला तरच त्या वरच्या भागावर १२.५ टक्के कर लागतो, अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. काकांच्या वहीतले ६,७०० विवरणपत्रात चालले नसते. त्यांनी वहीत फिफोचा एक रकाना वाढवला आणि ढिगाचाही ठेवला. "सवयीचा आहे," म्हणाले. हरकत नाही, फक्त रकान्याच्या डोक्यावर पद्धतीचं नाव असावं.

एवढं करूनही स्टेटमेंट चुकीचंच निघालं, तर ब्रोकरला "सरासरी चुकली आहे" असं मोघम लिहू नका. त्याला पद्धत समजावणारं ठरावीक उत्तर येतं. कुठल्या खेपेत फरक आहे, त्या सौद्याची तारीख, संख्या, भाव आणि कॉन्ट्रॅक्ट नोटचा क्रमांक लिहा, नोट जोडा, आणि तुमच्या हिशेबानं शिल्लक खेपा कुठल्या ते तीन ओळींत मांडा. तक्रार ई-मेलनंच करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. ब्रोकरनं दाद दिली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करताना हीच माहिती लागते.